टोकाला अनंत होणारं फंक्शन इंटिग्रेट कसं करायचं: आडव्या लंबकाचं उदाहरण घेऊन

न्यूमेरिकल इंटिग्रेशन नवीन शिकताना मिडपॉइंट, ट्रॅपेझॉइडल, सिम्पसन हे सगळे रूल मस्त चालतात, तुकडे वाढवले की उत्तर सुधारत जातं. आणि मग एक दिवस असं फंक्शन समोर येतं की जे इंटरव्हलच्या एका टोकाला अनंताला जातं, कागदावर उत्तर नीट फायनाइट असतं, पण कॉम्प्युटरवर लाखो तुकडे पाडले तरी तिसरा दशांश हलतच राहतो. अशा वेळी जास्त तुकडे पाडणं हा उपाय नाही, व्हेरिएबल बदलणं हा उपाय आहे. तो कसा बदलायचा, कुठला निवडायचा, आणि बदलल्यावर काम झालं की नाही हे कसं ओळखायचं, ते एकाच उदाहरणावर पायरीपायरीने बघू. कोड पायथनमध्ये आहे पण अगदी थोडा, दुसऱ्या कुठल्याही भाषेत सहज लिहिता येईल.

आधी उदाहरण

एक हलकी पण ताठ काठी, तिच्या एका टोकाला वजन, दुसरं टोक खिळ्यावर. काठी आडवी धरायची, म्हणजे उभ्या रेषेपासून ९० अंश, आणि सोडून द्यायची. एक पूर्ण फेरी मारून परत यायला किती वेळ लागेल? शाळेतलं सूत्र `2π√(l/g)` इथे चालत नाही, ते छोट्या कोनांसाठी असतं. ऊर्जा अक्षय्यतेवरून वेग काढला आणि वेळ = अंतर भागिले वेग असं सगळं जोडलं की हे मिळतं:

```
T = 4 √(l/2g) · I
I = ∫ dθ / √(cos θ),   θ = 0 ते π/2
```

आता `θ = π/2` ला बघा. तिथे `cos θ` शून्य, म्हणजे फंक्शन अनंत, अशा जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. याचा अर्थ अगदी सरळ आहे, खालच्या छेदात लंबकाचा वेग बसलाय आणि वरच्या टोकाला लंबक क्षणभर थांबतो, वेग शून्य, म्हणून एक भागिले वेग अनंत. पण लंबक तिथे कायमचा थांबत नाही, वेळ फायनाइट लागतो, म्हणजे `I` सुद्धा फायनाइट असलं पाहिजे. आणि ते आहेच, `I = 2.6220575543`. हे उत्तर आधीपासून माहीत असल्यामुळे आपल्याला प्रत्येक पायरीला चूक किती पडली ते नेमकं मोजता येईल, म्हणूनच हे उदाहरण घेतलंय.

पायरी १: सिंग्युलॅरिटी शून्यावर आणा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग पुढे हैराण होतात. `u = π/2 − θ` असं घ्या, म्हणजे कोन उभ्या रेषेपासून न मोजता आडव्या रेषेपासून मोजायचा. `cos θ` चा `sin u` होतो आणि

```
I = ∫ du / √(sin u),   u = 0 ते π/2
```

गणितात काहीच बदललं नाही, पण कॉम्प्युटरसाठी बराच फरक पडतो. फ्लोटिंग पॉइंट नंबर शून्याच्या आसपास खूप दाट असतात, `1e-30` वगैरे सहज लिहिता येतं, पण `π/2` च्या जवळ दोन शेजारच्या नंबरांमधलं अंतरच `2e-16` च्या आसपास आहे, त्याहून जवळ जाताच येत नाही. वर `π/2` हा नंबर तरी कुठे अचूक साठवला जातो? पायथनमध्ये `np.cos(np.pi/2)` टाइप केलं तर शून्य येत नाही, `6.123e-17` येतं. त्याचं वर्गमूळ काढून उलटं केलं की साधारण `1.28e8`, म्हणजे जवळजवळ १३ कोटी. समजा कुणी मूळ रूपावर ट्रॅपेझॉइडल रूल १०० तुकड्यांनी लावला तर तो टोकाची व्हॅल्यूही मागतो, प्रोग्रॅम कुठलीही तक्रार करत नाही, शून्याने भागल्याची वॉर्निंगही येत नाही, आणि उत्तर २.६ च्या जागी साधारण दहा लाख येतं! असं ढळढळीत चुकीचं उत्तर आलं तर निदान कळतं तरी, पण याच कारणामुळे आठव्या दशांशावर हळूच चूक शिरली तर ती कळतही नाही. शून्यावर आणलं की `sin u` ला अगदी बारीक `u` दिला तरी तो पूर्ण अंकांनिशी बरोबर मिळतो.

पायरी २: सिंग्युलॅरिटी किती जोराची आहे ते बघा

`u` लहान असताना `sin u` म्हणजे जवळजवळ `u`, म्हणून फंक्शन जवळजवळ `1/√u`, म्हणजे `u` चा घात `−1/2`. साधारणपणे फंक्शन `u^(−p)` सारखं वागत असेल तर नियम एवढाच की `p` एकापेक्षा कमी असेल तर इंटिग्रल फायनाइट, एक किंवा जास्त असेल तर अनंत, आणि अनंत असेल तर कुठलंही सब्स्टिट्यूशन करून काही होणार नाही.

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मिडपॉइंट रूल अनंत इंटिग्रललाही बिनधास्त एक आकडा देतो. लंबकाचंच घ्या. तो ९० अंशांऐवजी बरोब्बर वर, म्हणजे १८० अंशांवर, उभा धरून सोडला तर छेदात `√(1 + cos θ)` येतो आणि तो `π` च्या जवळ अंतराच्या पहिल्या घाताने शून्याला जातो, म्हणजे `p = 1`, वेळ अनंत. खरंच आहे की, नेमका तोल साधून उभा केलेला लंबक पडणारच नाही. पण कॉम्प्युटर तुम्हाला काहीतरी नंबर देईलच. ओळखायची खूण अशी की तुकडे दरवेळी दुप्पट केले तर उत्तर दरवेळी तेवढ्यानेच वाढतं, इथे साधारण ०.९८ ने, आणि ही वाढ कमी होतच नाही.

आपल्या केसमध्ये `p = 1/2`, काळजी नाही.

पायरी ३: काहीही न बदलता एकदा चालवून बघा

टोकाची व्हॅल्यू लागत नाही असा मिडपॉइंट रूल घेऊ.

```python
import numpy as np

def midpoint(f, a, b, n):
    h = (b - a) / n
    x = a + h * (np.arange(n) + 0.5)
    return h * np.sum(f(x))

f = lambda u: 1 / np.sqrt(np.sin(u))
for n in (10, 100, 10_000, 1_000_000):
    print(n, midpoint(f, 0, np.pi/2, n))
```

```
n           उत्तर        चूक
10          2.38233     −0.23973
100         2.54625     −0.07581
10000       2.61448     −0.00758
1000000     2.62130     −0.00076
```

‘चूक’ या कॉलमकडे बघा. काम शंभर पट वाढवलं की चूक फक्त दहा पट कमी होते. चूक स्टेपच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातेय, आणि जवळजवळ सगळी चूक शून्याजवळच्या पहिल्या काही तुकड्यांतून येते, बाकीच्या इंटरव्हलवर रूल एकदम छान काम करतोय. या हिशोबाने दहा अंक बरोबर हवे असतील तर लागणारे तुकडे कुठल्याही मशीनच्या आवाक्याबाहेर जातात. सिम्पसन लावूनही हा वेग बदलत नाही (शिवाय सिम्पसनला टोकाची व्हॅल्यू लागते, ती अनंत). गाउस-लेजांड्र थोडा बरा, त्याची चूक बिंदूंच्या संख्येच्या उलट प्रमाणात कमी होते, पण गाउसकडून आपली अपेक्षा याहून कितीतरी जास्त असते. कारण या सगळ्या रूलच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, की प्रत्येक तुकड्यावर फंक्शन पॉलिनॉमिअलसारखं दिसतं. शून्याजवळ `1/√u` कुठल्याच पॉलिनॉमिअलसारखं दिसत नाही, तुकडा कितीही बारीक करा.

खऱ्या कामात अचूक उत्तर माहीत नसतं, मग चूक कशी मोजायची? तीन रन घ्या, `n`, `2n`, `4n`, आणि लागोपाठच्या दोन फरकांचं गुणोत्तर काढा. १००, २००, ४०० तुकड्यांना उत्तरं येतात २.५४६२४५, २.५६८४५०, २.५८४१५१. फरक ०.०२२२०५ आणि ०.०१५७०१, गुणोत्तर १.४१४. ओळखीचा आकडा आहे, `√2`. मिडपॉइंट रूलला चांगलं फंक्शन दिलं तर हे गुणोत्तर ४ यायला हवं. १.४१ आलं म्हणजे कुठेतरी `1/√u` लपलंय. २.८३ आलं तर `√u` सारखं काहीतरी आहे, म्हणजे फंक्शन स्वतः अनंत होत नाही पण त्याचा डेरिव्हेटिव्ह होतो, हा प्रकार ग्राफ बघून पटकन लक्षात येत नाही आणि म्हणूनच या गुणोत्तराची सवय लावून घ्या. आणि गुणोत्तर १ आलं तर पायरी २ मधला अनंताचा प्रकार.

पायरी ४: व्हेरिएबल बदला

`u = t²` घ्या. मग `du = 2t dt`. लिमिटही बदलायच्या, `u = 0` ला `t = 0` आणि `u = π/2` ला `t = √(π/2)`, म्हणजे साधारण १.२५३३.

```
I = ∫ 2t / √(sin t²) dt,   t = 0 ते √(π/2)
```

`du` मधून आलेला तो `2t` हाच खरा कामाचा. छेदातला `√(sin t²)` शून्याजवळ `t` सारखा वागतो, वर `2t` आहे, दोन्ही कटतात आणि शून्याला फंक्शनची व्हॅल्यू २ होते. फक्त फायनाइट होते असं नाही, त्याचे सगळे डेरिव्हेटिव्हही तिथे नीट असतात, कारण `sin t²` ला `t²` ने भागलं की `1 − t⁴/6 + …` अशी साधी सिरीज उरते, तिच्यात कुठे अर्धा घात नाही. रूलला नेमकं हेच हवं होतं.

`2t` लिहायचा राहिला, किंवा लिमिट `π/2` च राहिली, या दोन चुका सगळ्यात जास्त होतात. दुसरीत एक फसवी गोष्ट अशी की उत्तर चुकीचं असतं पण अगदी ठामपणे एका आकड्यावर येऊन थांबू शकतं. म्हणून बदललेलं रूप आणि मूळ रूप दोन्ही चालवून पहिले एक-दोन अंक जुळतात का ते एकदा बघून घ्या, मूळ रूप हळू असलं तरी तेवढे अंक देतंच.

```python
g = lambda t: 2 * t / np.sqrt(np.sin(t**2))
b = np.sqrt(np.pi / 2)
for n in (10, 100, 1000):
    print(n, midpoint(g, 0, b, n))
```

```
n        उत्तर          चूक
10       2.62076       −0.0013
100      2.622044      −0.000013
1000     2.6220574     −0.00000013
```

आधीच्या टेबलशी ताडून बघा. जी अचूकता इथे दहा बिंदूंत मिळाली ती आधीच्या रूपात मिळवायला तीन लाखांहून जास्त तुकडे लागले असते, आणि शंभर बिंदूंच्या बरोबरीला यायला तीनशे कोटींच्या पुढे जावं लागलं असतं. रूल तोच आहे, फंक्शनही गणिताच्या दृष्टीने तेच, फक्त बिंदू कुठे पडतात ते बदललं. `t` मध्ये सारख्या अंतरावर ठेवलेले बिंदू `u` मध्ये बघितले तर शून्याजवळ दाटीवाटीने बसलेले दिसतात, जिथे त्यांची गरज आहे तिथेच.

गुणोत्तराची टेस्ट परत लावा. १०, २०, ४० बिंदूंना फरकांचं गुणोत्तर ३.९७ येतं, म्हणजे ४, काम झालं. इथेही १.४१ किंवा २.८३ राहिलं असतं तर समजायचं की घात चुकला किंवा दुसऱ्या टोकालाही काहीतरी आहे ज्याकडे आपलं लक्ष गेलं नव्हतं. दोन्ही टोकांना अडचण असेल तर इंटरव्हल मध्ये तोडा, दोन भाग करा, दुसरा भाग पायरी १ सारखा उलटा करून त्याचंही टोक शून्यावर आणा आणि प्रत्येकाला आपापलं सब्स्टिट्यूशन लावा.

आता `t = 0` चा प्रश्न. मिडपॉइंट आणि गाउस टोकाला हात लावत नाहीत म्हणून वरचा कोड चालला. ट्रॅपेझॉइडल किंवा सिम्पसन वापरलं तर `t = 0` ला शून्य भागिले शून्य होऊन `nan` येईल, आणि एका `nan` मुळे सगळी बेरीज `nan`. तिथे लिमिटची व्हॅल्यू, आपल्याकडे २, हाताने भरायची. काही जण `t` मध्ये `1e-10` मिळवून वेळ मारून नेतात, ते करू नका. कधी चालतं, कधी सगळ्या उत्तराची अचूकता तिथेच अडकते, आणि लिमिट काढणं काही अवघड नसतं.

गाउस रूल आता बघण्यासारखा होतो. `np.polynomial.legendre.leggauss(10)` मधून दहा बिंदू घेऊन `0` ते `b` वर बसवले की याच रूपातून दहा-अकरा अंक बरोबर मिळतात.

`t²` च का, आणि दुसऱ्या घाताला काय

लंबकाकडे परत बघितलं की `t²` आपोआप सुचतो. आडव्या अवस्थेतून सोडल्यावर सुरुवातीला वजन जवळजवळ सरळ खाली पडत असतं, आणि पडणाऱ्या वस्तूचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे `u` हा वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे `√u` हा वेळेच्या प्रमाणात. आपण जो `t` घेतला तो टोकाजवळ चक्क घड्याळातला वेळच आहे, फक्त एका स्थिरांकाने गुणलेला! वेळेच्या हिशोबात लंबकाच्या गतीत कुठेच काही अनंत होत नाही, ती अडचण कोनाच्या हिशोबात मोजल्यामुळे आली होती. मला स्वतःला सब्स्टिट्यूशन निवडायची ही पद्धत सूत्र पाठ करण्यापेक्षा फार आवडते, की आधी विचारायचं, कुठल्या व्हेरिएबलमध्ये ही गोष्ट साधी दिसते. अर्थात प्रत्येक इंटिग्रलमागे असा लंबक नसतो, तेव्हा सूत्रही हवं.

`u^(−p)` ला `u = t^m` लावलं की टोकाजवळ `t` चा घात होतो `m − 1 − mp`. हा शून्य किंवा धन पूर्णांक आला पाहिजे, आणि `m` स्वतःही पूर्णांक असला पाहिजे. ही दुसरी अट नवीन माणसाच्या हमखास नजरेतून सुटते. समजा फंक्शन `e^u / u^(1/3)` आहे. `m = 3/2` घेतला तर घात बरोब्बर शून्य येतो, छान वाटतं, पण `e^u` चा होतो `e^(t^1.5)` आणि त्यात परत दीड घात घुसला. मिडपॉइंट रूलला याचा पत्ता लागत नाही, त्याचं गुणोत्तर ४ च येतं, पण गाउस किंवा रॉम्बर्ग लावला की वेग मध्येच पडतो आणि कारण सापडत नाही. `m = 3` घ्या, मग `3t·e^(t³)` मिळतं, सगळे घात पूर्णांक, कुठलाही रूल लावा. थोडक्यात `p` हा अपूर्णांक असेल तर त्याचा छेद तोच `m`.

याहून चांगलं सब्स्टिट्यूशन

`t²` ने डाव्या टोकाची अडचण गेली, पण मिडपॉइंटची चूक अजून `h²` ने जातेय, कारण उजव्या टोकाला `g` चा डेरिव्हेटिव्ह शून्य नाही, तो २ आहे. मिडपॉइंट आणि ट्रॅपेझॉइडल रूलची एक जबरदस्त गोष्ट अशी की फंक्शन दोन्ही टोकांना आरशासारखं सममित असेल, म्हणजे सगळे विषम डेरिव्हेटिव्ह दोन्हीकडे शून्य असतील, तर चूक कुठल्याही घातापेक्षा वेगाने पडते. लंबकासाठी असं सब्स्टिट्यूशन आहे आणि ते जुनंच आहे: `sin(θ/2) = k·sin φ`, जिथे `k = sin(θ₀/2)` आणि `θ₀` म्हणजे सोडल्याचा कोन. ९० अंशांना `k² = 1/2`, आणि

```
I = √2 ∫ dφ / √(1 − ½ sin²φ),   φ = 0 ते π/2
```

यात कुठे काही अनंत नाही आणि दोन्ही टोकांना सममिती आहे. फक्त तीन बिंदूंचा मिडपॉइंट कॅल्क्युलेटरवर करून बघा, `φ` = १५, ४५ आणि ७५ अंश. तीन व्हॅल्यू येतात १.०१७१८, १.१५४७० आणि १.३६९१०, बेरीज ३.५४०९८, तिला स्टेप `π/6` ने आणि मग `√2` ने गुणलं की २.६२२०३. तीन बिंदूंत चूक ०.००००३! एकेक बिंदू वाढवला की चूक आणखी साधारण तीस पटीने कमी होते, दहा बिंदूंत डबल प्रिसिजनची हद्द गाठली जाते. १ मीटर काठीचा दोलनकाल यावरून २.३६८ सेकंद येतो (`g` ९.८१ धरून), छोट्या कोनाच्या सूत्राने तो २.००६ आला असता.

असं नेमकं सब्स्टिट्यूशन सापडलं तर उत्तमच, पण ते प्रत्येक वेळी वेगळं शोधावं लागतं.

घात माहीतच नसेल, किंवा लॉग असेल तर

`log u` असला तर `t²` ने तो जात नाही, `t·log t` होऊन मागे उरतोच. किंवा फंक्शन दुसऱ्याच कुणाच्या कोडमधून येतंय आणि टोकाला घात किती ते सांगता येत नाही. अशा वेळी ताकाहासी आणि मोरी या जपानी गणितज्ञांनी १९७४ साली मांडलेलं डबल एक्स्पोनेन्शिअल सब्स्टिट्यूशन वापरा, त्याला टॅन्एच-सिन्एच असंही म्हणतात. कल्पना अशी की `0` ते `b` हा इंटरव्हल ताणून `−∞` ते `+∞` करायचा, तोही अशा तऱ्हेने की `du` चा गुणक दोन्हीकडे प्रचंड वेगाने, म्हणजे घातांकाच्याही घातांकाने, शून्याला जाईल. तो इतक्या जोरात पडतो की `1/√u` असो नाहीतर `log u`, सगळ्यांना दाबून टाकतो, घात विचारतच नाही. मग साधा ट्रॅपेझॉइडल रूल लावायचा.

```python
def de(f, b, h, S=4.0):
    s = np.arange(-S, S + h/2, h)
    e = np.exp(-np.pi * np.sinh(s))
    u = b / (1 + e)
    w = b * np.pi * np.cosh(s) * e / (1 + e)**2
    return h * np.sum(w * f(u))

print(de(f, np.pi/2, 0.25))
```

इथे `f` म्हणजे पायरी ३ मधलं मूळ `1/√(sin u)` च, काहीही न बदलता. स्टेप निम्मी केली की बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट होते, म्हणून `h` ०.५, ०.२५, ०.१२५ असा घेत जायचा आणि दोन उत्तरं हव्या तेवढ्या अंकांपर्यंत जुळली की थांबायचं.

`u = b/(1+e)` असंच लिहा. पुस्तकात हे `tanh` ने लिहिलेलं दिसतं, `(b/2)(1 + tanh …)`, पण ते जसंच्या तसं कोडमध्ये टाकलं तर शून्याजवळ `1` मधून जवळजवळ `1` वजा होतो, बारीक `u` चे सगळे अंक जातात आणि `u` सरळ शून्य होऊन फंक्शन `inf` देतं. आणि सिंग्युलॅरिटी वरच्या टोकाला ठेवली, शून्यावर आणली नाही, तर हीच अडचण कुठल्याही रूपात येते. `1` च्या जवळ `1e-16` पेक्षा पुढे जाता येत नाही आणि `1/√` प्रकारात तेवढ्या चिमूटभर पट्टीतच साधारण `2e-8` एवढं क्षेत्रफळ असतं, म्हणजे आठव्या अंकाच्या पुढे उत्तर जातच नाही, `h` कितीही बारीक करा.

`S` चं पण तसंच. नेटवरच्या बऱ्याच कोडमध्ये कापण्याची हद्द ३ ठेवलेली असते. सौम्य फंक्शनला ती पुरते, पण `s = −3` ला `u` साधारण `3e-14` असतो आणि त्याच्या खाली `1/√u` चं जे क्षेत्रफळ सुटतं ते `2√u`, म्हणजे `3.7e-7`. उत्तर सहाव्या-सातव्या अंकावर अडकतं आणि `h` निम्मा करत गेलं तर ते सुंदर कन्व्हर्ज होताना दिसतं, पण चुकीच्या आकड्यावर. ४ घेतलं की `u` `1e-37` पर्यंत खाली जातो आणि सुटलेला भाग `1e-18` च्याही खाली येतो. `p` जसजसा १ कडे सरकतो तसतशी ही हद्द आणखी लांब न्यावी लागते, म्हणून `h` बरोबर `S` सुद्धा ०.५ ने वाढवून उत्तर हलतं का ते बघा.